थंबनेलचा क्लिक-थ्रू रेट खाली आला म्हणजे काय झाले? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्हिडिओ टाकल्यानंतर आठवडाभरात ‘क्लिक-थ्रू रेट निम्म्यावर आला, थंबनेल बदलून द्या’ असा फोन आमच्या फोंड्याच्या कार्यालयात वारंवार येतो. थंबनेल बदलण्यापूर्वी पुढील हिशेब पाहावा, अशी विनंती आहे.

यूट्यूबवर थंबनेल किमान अर्धे, आणि एका सेकंदापेक्षा अधिक वेळ, पडद्यावर दिसले की एक इंप्रेशन धरले जाते. अशा शंभर इंप्रेशनमागे किती जणांनी व्हिडिओ उघडला, तो क्लिक-थ्रू रेट. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यावरून आलेले प्रेक्षक या हिशेबात येत नाहीत.

समजा, चवथीच्या तोंडावर तुम्ही खतखत्याचा व्हिडिओ टाकलात. पहिल्या दोन दिवसांत 4,000 इंप्रेशन मिळाली. त्यांपैकी 3,000 सबस्क्रायबरांच्या फीडमध्ये होती आणि तिथे 9 टक्के दराने 270 क्लिक आले. उरलेली 1,000 अनोळखी लोकांच्या होम पानावर होती आणि तिथे 3 टक्क्यांनी 30 क्लिक आले. एकूण 300 क्लिक, म्हणजे रेट 7.5 टक्के.

दहाव्या दिवशी एकूण इंप्रेशन 40,000 झाली. फीडमधली 4,000 झाली, दर तोच 9 टक्के, क्लिक 360. होम पानावरची मात्र 36,000 झाली, आणि तिथला दर 3.5 टक्क्यांवर चढून 1,260 क्लिक आले. एकूण क्लिक 1,620, आणि रेट 4.05 टक्के. एका ठिकाणी दर टिकला, दुसरीकडे वाढला, तरीही एकूण रेट जवळजवळ निम्म्यावर आला, कारण कमी दराच्या ठिकाणची इंप्रेशन आता दहातली नऊ आहेत. ज्यांना तुमची ओळख नाही आणि ज्यांच्या पडद्यावर शेजारी आणखी चार थंबनेल आहेत, ते सबस्क्रायबरांइतक्या संख्येने क्लिक करणार नाहीत, हे उघड आहे.

म्हणून स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये एकूण रेटवर न थांबता Traffic source पाहावे. त्यातील Browse features या ओळीवर क्लिक केल्यास होम आणि सबस्क्रिप्शन वेगवेगळे दिसतात. तुलना नेहमी त्याच स्रोताची त्याच स्रोताशी करावी, आणि इंप्रेशन शे-दोनशेच असतील तर टक्केवारीवर विसंबू नये, कारण तिथे दोन-चार क्लिकनेही आकडा हलतो.

होम पानाचाच दर, इंप्रेशन फारशी वाढलेली नसताना, घसरत असेल, तर मात्र थंबनेल किंवा शीर्षक तपासावे लागते. दर चांगला असूनही लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जात असतील, तर थंबनेलने जे दाखवले ते व्हिडिओत लवकर येत नाही, असे बहुधा समजावे. तिथे चित्र बदलून उपयोग होत नाही.

थंबनेल बदललेच, तर बदलाची तारीख टिपून ठेवावी. एकूण रेटमध्ये जुन्या आणि नव्या चित्रांचे आकडे एकत्र मिसळलेले असतात. नव्या चित्राचा दर हवा असल्यास त्या तारखेपासूनचाच कालावधी निवडावा लागतो.