समोरची पार्टी म्हणते माल कमी आला, मग उत्तर काय द्यायचं?

(आमच्या काट्यावरून माल भरून पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी)

गाडी पोचली की फोन येतो, "तीनशे किलो कमी भरलं तुमचं, बिलातून कापतोय." मग आपले ग्राहक आमच्याकडे येतात आणि विचारतात, काटा बरोबर आहे ना तुमचा? काटा बरोबर आहे हे सांगून भांडण मिटत नाही, कारण समोरचाही त्याच्या काट्याबद्दल तेच सांगतो. भांडण मिटतं ते दोन्हीकडच्या पावत्या शेजारी ठेवून, आणि तेही निव्वळ वजन बघून नाही. निव्वळ म्हणजे नुसती वजाबाकी आहे हो, तूट कुठून आली ते त्यात दिसतच नाही. भरलेलं वजन भरलेल्याशी लावा आणि रिकामं रिकाम्याशी, मग बोला.

म्हणून पहिलं उत्तर एवढंच द्या की "शेठ, तुमच्या काट्याची पूर्ण पावती पाठवा, भरलेलं, रिकामं आणि दोन्हीची वेळ दिसली पाहिजे." बरेच जण फक्त निव्वळचा आकडा पाठवतात, त्यावर काहीच बोलू नका, हो पण नाही आणि नाही पण नाही.

आता एक केस बघू, ओली क्रश सँड भरलेला टिपर. आमच्या काट्यावर रिकामा १०,४६०, भरलेला २८,९४०, निव्वळ १८,४८०. तिकडे भरलेला २८,९००, रिकामा १०,७२०, निव्वळ १८,१८०. तूट बरोबर ३०० किलो आणि पार्टीचं म्हणणं माल वाटेत उतरवला. पण भरलेल्या वजनात फरक आहे फक्त ४० किलोचा. माल वाटेत गेला असता तर गाडी तिकडे पोचली तेव्हाच काटा तीनशेने कमी दिसला असता ना. उरलेले २६० किलो आलेत रिकाम्या वजनातून, म्हणजे खाली झाल्यावर गाडी इथल्यापेक्षा २६० किलो जड होती, आणि रिकामी गाडी आपोआप जड होत नाही.

मग पावतीवरच्या वेळा बघितल्या. भरलेलं वजन सकाळी सव्वाअकराला, रिकामं पावणेपाचला. गाडी खाली करायला साडेपाच तास लागत नाहीत. ड्रायव्हरला विचारलं तर त्याने खाली केल्यावर पंपावर जाऊन १५० लिटर डिझेल टाकलं आणि मग काट्यावर आला, बिल होतं त्याच्याकडे वेळेसकट. डिझेलचा एक लिटर साधारण ०.८३ किलो भरतो, म्हणजे १२५ किलो तिथेच सापडले. (वाटेत जळालेल्या डिझेलचा मुद्दा बरेच जण काढतात, तो काढू नका, कारण ते डिझेल तिकडच्या भरलेल्या वजनातही नसतं आणि रिकाम्यातही नसतं, निव्वळमध्ये त्याचा फरक पडतच नाही. फरक पडतो तो दोन वजनांच्या मधे टाकी भरली तर.)

दुसरं कारण हौद्यात होतं. ओली सँड कोपऱ्यात आणि फाळक्याला चिकटून बसते, टिपर पूर्ण उचलला तरी पडत नाही. गाडी परत आली तेव्हा तशीच काट्यावर घेतली, मग फावड्याने खरवडून पुन्हा घेतली, १६० किलोचा फरक निघाला. म्हणजे ३०० मधले १२५ डिझेलचे, १६० हौद्यात राहिलेले, आणि उरले १५ किलो, ते दोन काट्यांमधला फरक म्हणून सोडून द्यायचे.

१५ का सोडायचे तर, १० किलोच्या टप्प्याचा काटा असेल तर एवढ्या भरलेल्या गाडीवर शिक्का मारतानाच १५ किलो इकडेतिकडे चालतं, आणि वापरात असताना ३० पर्यंत. हे आंतरराष्ट्रीय मापदंडातच आहे, ओआयएमएल आर ७६ मध्ये. दोन काटे असले की दोघांची चूक एकत्र येऊ शकते, त्यामुळे वीस-तीस किलोसाठी फोन करायची सुद्धा गरज नाही.

आता इथे जरा प्रामाणिक राहावं लागतं. डिझेलचे १२५ किलो मालाचे नव्हतेच, तेवढा माल पार्टीला मिळालेला आहे, त्याची कपात मान्य करायची नाही. पण हौद्यात चिकटलेले १६० किलो तुम्ही भरले असले तरी त्याच्या साईटवर पडलेले नाहीत, ते आपल्याच गाडीतून परत आलेत. गाडी तुमची असेल तर ते सोडून द्या, आमचं स्पष्ट मत आहे. या केसमध्ये उत्तर असं गेलं:

"शेठ, दोन्ही पावत्या सोबत जोडल्यात. भरलेलं वजन दोन्हीकडे जवळपास सारखं आहे, ४० किलोचा फरक, म्हणजे माल पूर्ण पोचलाय. रिकाम्या वजनाआधी गाडीत १५० लिटर डिझेल पडलं, बिल जोडलंय, त्याचे १२५ किलो कपातीतून काढा. १६० किलो हौद्यात राहिले होते, ते आम्ही बिलातून कमी करतो. पुढच्या वेळी खाली झाली की लगेच काट्यावर घ्या, डिझेल नंतर."

रिकामं वजन दोन्हीकडे सारखं आणि भरलेलंच ३०० ने कमी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा माल खरंच कमी पोचलेला असू शकतो: फाळक्याच्या फटीतून गळती, ओल्या मालातलं पाणी निथळणं, किंवा वाटेत कुणी हात मारणं. अशा वेळी गाडी अजून भरलेली असेल तर एकच वाक्य बोला, "खाली करू नका," आणि दोघांच्या खर्चाने तिसऱ्या काट्यावर घ्या. एकदा माल ढिगात मिसळला की भरलेलं वजन परत मिळत नाही, मग फक्त आवाज कोणाचा मोठा एवढंच उरतं.

आणि भरलेलं आणि रिकामं दोन्ही एकाच प्रमाणात कमी असेल तर काट्यावर संशय घ्या. समजा तिकडचा काटा एक टक्का कमी दाखवतोय, तर आपली गाडी तिथे भरलेली २८,६५० आणि रिकामी १०,३६० च्या आसपास दिसेल, निव्वळमध्ये १९० ची तूट. माल चोरीला गेला तर रिकामी गाडी हलकी होत नाही, काटा कमी दाखवत असेल तर होते. याउलट शून्यच चुकलेला असेल, म्हणजे काटा रिकामा असताना ४० दाखवतोय, तर ते दोन्ही वजनांत सारखं येतं आणि निव्वळला धक्का लागत नाही, फक्त दोन वजनांच्या मधे कुणी शून्य सेट केलेला नसला पाहिजे.

एक लबाडी म्हणा की आळस म्हणा, पण दिसते वारंवार. काही काट्यांवर रिकामी गाडी घेतच नाहीत, कॉम्प्युटरमध्ये सेव्ह असलेलं जुनं रिकामं वजन उचलून पावती छापतात. ओळखायचं कसं, तर रिकाम्याची तारीख जुनी असते किंवा वेळच छापलेली नसते. अशी पावती आली तर लिहून मागा की त्याच दिवशीचं रिकामं वजन दाखवा, त्याशिवाय कपात नाही. आणि हो, हा नियम आपल्याला पण लागू, म्हणून आमच्याकडे घाईत असलात तरी भरायच्या आधी रिकामी गाडी काट्यावर घेतल्याशिवाय पावती मिळणार नाही, ड्रायव्हर दोन्ही वेळा आत बसलेला किंवा दोन्ही वेळा खाली उतरलेला पाहिजे, आणि सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर.

पावती हरवली असेल तर गाडी नंबर आणि तारीख पाठवा, डुप्लिकेट काढून देतो.