बर्नआउटच्या रजेनंतर परिचारिकेचा फिटनेस दाखला

मानसिक-शारीरिक दमणुकीमुळे वैद्यकीय रजेवर गेलेली परिचारिका पुन्हा कामावर येते तेव्हा ती कामासाठी तंदुरुस्त असल्याचे डॉक्टरने लेखी सांगणे म्हणजे फिटनेस दाखला. नियमांच्या भाषेत त्याला स्वास्थ्य प्रमाणपत्र म्हणतात. या दाखल्यामागे एक दुसरी नोंद असायला हवी: डॉक्टर या मतावर कशाच्या आधारे आला. दाखला कार्यालयात जातो आणि कारणांची नोंद डॉक्टरच्या केस पेपरवर राहते. या दोन कागदांची गल्लत झाली की नुकसान बहुतेक वेळा परिचारिकेचेच होते.

केंद्र सरकारच्या सेवेत हा दाखला १९७२ च्या रजा नियमांतील नियम २४ नुसार लागतो. वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेतलेल्या कर्मचाऱ्याला नमुना ५ मधील स्वास्थ्य प्रमाणपत्र दिल्याशिवाय रुजू होता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्येही अशीच अट आहे. खाजगी रुग्णालये आपापल्या सेवाशर्तींप्रमाणे दाखला मागतात.

नमुना ५ चा मजकूर नीट वाचण्यासारखा आहे. कर्मचारी आजारातून बरा झाला असून कामावर हजर होण्यास तंदुरुस्त आहे, एवढेच डॉक्टर त्यात लिहीत नाही. ज्या मूळ प्रमाणपत्रांवर रजा मिळाली किंवा वाढली ती प्रमाणपत्रे, अथवा त्यांच्या प्रमाणित प्रती, आपण तपासल्या आणि मत बनवताना विचारात घेतल्या, असेही तो त्याच सहीने प्रमाणित करतो. म्हणजे कारण पाहून मत देण्याची सक्ती नमुन्यातच आहे. प्रत्यक्षात परिचारिका रजा संपण्याच्या आदल्या दिवशी घाईने ओळखीच्या डॉक्टरकडे जाते, मूळ कागद कार्यालयातच असतात आणि न पाहिलेल्या कागदांबद्दल सही होते. रजेचा अर्ज देतानाच प्रमाणपत्राची प्रत स्वतःकडे ठेवली, तर ही अडचण उद्भवत नाही.

बर्नआउटच्या बाबतीत ‘आजारातून बरी झाली’ हे शब्दच अवघड ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नाही. तो कामाशी निगडित प्रकार मानला आहे. त्याची लक्षणे तीन: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याबद्दल कडवट होणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही भावना. म्हणून रजेच्या प्रमाणपत्रावर बहुधा नैराश्य, चिंताविकार किंवा समायोजन विकार असे निदान असते. निदानातला विकार औषधाने आणि विश्रांतीने ओसरतो. वॉर्डातली माणसांची टंचाई, सलग नाइट ड्युट्या आणि सुटीच्या दिवशी येणारे फोन मात्र तसेच असतात. त्यामुळे केवळ ‘फिट’ हा शब्द अपुरा पडतो. कोणत्या कामासाठी फिट आणि कशा वेळापत्रकात, हे लिहिले नाही तर तो दाखला परिचारिकेला ती जिथे कोसळली त्याच जागी परत पाठवतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जिल्हा रुग्णालयाच्या मेडिकल आयसीयूतील एक स्टाफ नर्स सहा आठवडे रजेवर होती. निदान समायोजन विकाराचे होते आणि झोपेसाठी तिला रात्री क्लोनाझेपाम दिले जात होते. रजेच्या आधीच्या आठवड्यात तिने एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या कुपीतून इन्सुलिन काढले, पण एका मिलिलिटरला १०० युनिट अशा खुणांची सिरिंज वापरली. वीसच्या खुणेपर्यंत भरलेल्या त्या सिरिंजमध्ये औषध होते ०.२ मिलिलिटर, म्हणजे फक्त ८ युनिट. सोबतच्या सिस्टरच्या ते लक्षात आले आणि रुग्णाला चुकीचा डोस गेला नाही.

अशा वेळी डॉक्टरने ‘आता बरं वाटतं का?’ एवढेच विचारून भागत नाही. झोप किती तास आणि सलग लागते का, सकाळी औषधाची गुंगी राहते का (क्लोनाझेपामचा परिणाम दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो), लक्ष टिकते का, हे पाहावे लागते. डोसाचा हिशेब तिच्याकडून प्रत्यक्ष करून घ्यावा लागतो. जीव देण्याचे विचार येतात का, हे थेट विचारावे लागते, कारण वॉर्डात जीवघेणी औषधे तिच्या हाताशी असतात. आणि तिचे काम नेमके काय आहे, हे जाणून घ्यावे लागते: आयसीयू की बाह्यरुग्ण विभाग, किती रुग्ण, महिन्याला किती रात्री.

समजा, झोपेची गोळी थांबवून दोन आठवडे झाले आहेत, झोप सहा तास सलग लागते, हिशेब अचूक येतो आणि आत्महत्येचे विचार नाहीत. मात्र सलग दोन दिवस घराबाहेर धावपळ झाली की तिसऱ्या दिवशी ती गळून जाते. मग केस पेपरवरची नोंद अशी होऊ शकते:

‘मूळ प्रमाणपत्राची प्रत पाहिली. झोप व एकाग्रता सुधारली असून गुंगी आणणारे औषध बंद आहे. डोसाची गणिते अचूक केली. थकवा अजून दिसतो व तो सलग कामाने वाढतो. रात्रपाळीने झोप पुन्हा बिघडण्याचा धोका आहे. म्हणून चार आठवडे फक्त दिवसपाळी, सलग दोनपेक्षा जास्त ड्युट्या नाहीत, आयसीयूऐवजी जनरल वॉर्ड. त्यानंतर फेरतपासणी.’

दाखल्यावर यातले फक्त शेवटचे जाते: तंदुरुस्त, अमुक अटींवर, अमुक तारखेपर्यंत. निदान, गोळीचे नाव आणि आत्महत्येबद्दलचा प्रश्न त्यावर येत नाही. नमुना ५ मध्ये आजाराचे नाव लिहायला रकानाही नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राखली जाण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि परिचारिका इथे रुग्णच असते. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आवक-जावक टेबलावरून गेलेला कागद दुपारपर्यंत साऱ्या वॉर्डाला ठाऊक होतो.

अटी लिहिताना सर्वाधिक घोटाळा ‘लाइट ड्युटी’ या शब्दाने होतो. मेट्रनला त्यातून काहीच कळत नाही. एखाद्या वॉर्डात लाइट ड्युटी म्हणजे इंजेक्शनऐवजी साठ्याची रजिस्टरे, तर दुसऱ्यात एकटीने चाळीस रुग्णांचा वॉर्ड. पाळी, सलग दिवस आणि विभाग असे मोजता येणारे शब्द लिहिले, तर रोटा लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टरला ते पाळता येतात आणि पाळले नाहीत तर दाखवूनही देता येते. मुदत नसलेली अट तितकीच घातक ठरते. ती कायमची असमर्थता म्हणून वाचली जाते आणि पदोन्नतीच्या वेळी फाइलमधून वर येते.

काही कार्यालये सशर्त दाखला ‘फिट नाही’ असा वाचून रुजू करून घेत नाहीत आणि मधले दिवस हिशेबात लोंबकळत राहतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे दाखला देण्याआधी, परिचारिकेच्या संमतीने, डॉक्टरने मेट्रनशी अटींबद्दल बोलणे. परिचारिकेनेही दाखल्यासोबत रुजू अहवाल त्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. रुजू करून घेण्यास नकार मिळाला, तर तो लेखी मागावा.

डॉक्टरवरही बंधने आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरण विनियमांनुसार दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवावी लागते. प्रमाणपत्राची प्रत जपावी लागते, आणि रुग्णाची सही किंवा अंगठा व किमान एक ओळखचिन्ह नोंदवावे लागते. खोटे प्रमाणपत्र देणे हे गैरवर्तन ठरते. मागची तारीख टाकून दिलेला फिटनेस त्यातच मोडतो, मग हेतू कितीही चांगला असो.

फेरतपासणीत तीच मोजमापे पुन्हा घेतली जातात आणि सोबत रोटाची प्रत पाहिली जाते. चार आठवड्यांत प्रकृती सुधारली नाही आणि रोटात सहा रात्रपाळ्या दिसल्या, तर ‘उपचारांना प्रतिसाद नाही’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. ‘सुचवलेल्या अटी लागू झाल्या नाहीत’ हीच खरी नोंद होय, आणि तिच्यासोबत अटींची मुदत नव्या तारखेपासून मोजली जाते.