चुनखडी समीकरणातून कुठे जाते?

अकरावीच्या गाइडांमध्ये रासायनिक समतोलाच्या धड्यात एक ओळ हमखास सापडते: 'घन पदार्थ अभिक्रियेत भाग घेत नाहीत, म्हणून ते समतोल स्थिरांकाच्या सूत्रात लिहीत नाहीत.' परीक्षेत या ओळीला गुणही मिळतात. पण ही ओळ चूक आहे. चुन्याच्या भट्टीत जे काही घडतं ते चुनखडीचंच घडतं. दगड भाजतो, त्यातून वायू निघतो, मागे कळीचा चुना उरतो. हे सगळं होत असताना दगडानेच त्यात भाग घेतला नाही म्हणणं म्हणजे कमालच झाली.

अभिक्रिया अशी:

CaCO3(s) ⇌ CaO(s) + CO2(g)

नेहमीच्या नियमाप्रमाणे उजवीकडचे पदार्थ वर आणि डावीकडचे खाली लिहून सूत्र तयार करायचं. पण पुस्तक सांगतं की इथे फक्त K = p(CO2) एवढंच लिहा, K म्हणजे समतोल स्थिरांक आणि p म्हणजे वायूचा दाब. म्हणजे ठरावीक तापमानाला चुनखडी आणि चुना दोन्ही हजर असतील, तर वरच्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एकच असणार. दगड वाटाण्याएवढा असो की पोतंभर, दाबाला त्याचं काही नाही. हा दावा जरा विचित्र आहे, आणि तो नुसता कागदावरचा नाही.

1867 साली हेन्री डब्रे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगाने तपासला. त्याने आइसलँड स्पार, म्हणजे कॅल्साइटचे पारदर्शक स्फटिक, नळीत बंद केले, आतली हवा काढून टाकली आणि नळी उकळत्या धातूच्या वाफेत धरली. उकळणाऱ्या पदार्थाचं तापमान हलत नाही, म्हणून ही युक्ती. कॅडमियमच्या वाफेत नळीतला दाब पाऱ्याच्या सुमारे 85 मिलिमीटरवर येऊन थांबला. जस्ताची वाफ जास्त गरम, तिथे तो सुमारे 520 वर थांबला. पंपाने थोडा वायू ओढून घेतला की दगडातून नवा वायू निघायचा आणि दाब पुन्हा त्याच आकड्यावर यायचा. नळी थंड केली की चुना वायू परत शोषून घ्यायचा. किती दगड फुटला आणि किती शिल्लक आहे याचा त्या आकड्यावर काहीच परिणाम दिसला नाही.

आता हाच प्रयोग आजच्या आकड्यांनी कागदावर करू. 800 अंश सेल्सिअसला चुनखडीवरचा समतोलाचा दाब साधारण 0.24 वातावरण इतका असतो. 10 लिटरचं निर्वात केलेलं बंद भांडं घ्या, त्यात 10 ग्रॅम शुद्ध चुनखडी टाका आणि 800 अंशांवर ठेवा. 10 लिटरमध्ये 0.24 वातावरण दाब व्हायला वायू किती लागेल? शाळेतल्या PV = nRT वरून उत्तर येतं 0.027 मोल. तेवढ्यासाठी 2.7 ग्रॅम चुनखडी फुटावी लागते. त्यातून दीड ग्रॅम चुना आणि 1.2 ग्रॅम वायू मिळतो, आणि उरलेली 7.3 ग्रॅम चुनखडी तशीच पडून राहते.

आता 10 ऐवजी 100 ग्रॅम टाका. तरीही 2.7 ग्रॅमच फुटते. वरून आणखी 5 ग्रॅम चुना टाका. 'उत्पादित वाढलं, म्हणजे समतोल मागे सरकणार' असं लिहिणारे इथे हमखास फसतात. काहीही सरकत नाही. पण भांड्याचं आकारमान निम्मं केलंत, तर निम्मा वायू चुन्यात परत जातो आणि दाब पुन्हा 0.24 होतो.

आता फक्त 2 ग्रॅम चुनखडी टाकून पाहा. ती सगळी फुटली तरी दाब 0.18 वातावरणापर्यंतच पोचतो, 0.24 गाठायला माल पुरत नाही. चुनखडी संपली, समतोल झालाच नाही. म्हणजे घन पदार्थ सूत्रात नसला तरी भांड्यात असावाच लागतो. किती आहे याला महत्त्व नाही, आहे की नाही याला आहे.

असं का? पहिलं उत्तर सोपं आहे. सूत्रात आपण पदार्थाचं प्रमाण घालतो, म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल ते. वायूसाठी हा आकडा हवा तसा बदलतो. घन पदार्थाचा बदलत नाही. कॅल्साइटची घनता घन सेंटिमीटरला 2.71 ग्रॅम, आणि एक मोल म्हणजे 100 ग्रॅम. म्हणून एक लिटर कॅल्साइटमध्ये 27 मोल. खडा घ्या वा डोंगर, लिटरमागे 27 मोलच. जो आकडा कधी बदलतच नाही तो K मध्ये मिसळून टाकायचा आणि मोकळं व्हायचं. बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात.

मला मात्र खरी गंमत पुढे वाटते, कारण या उत्तराने एक शंका फिटत नाही. जास्त दगड म्हणजे वायू सोडणारी जास्त जागा. मग दाब जास्त का होऊ नये?

भाजत असलेल्या एका खड्याच्या आत नजर नेऊ. बाहेरून चुन्याचा सच्छिद्र, पांढरा थर, आत अजून न फुटलेली चुनखडी, आणि मधे दोघांची सीमा. फुटण्याचं काम या सीमेवर चालतं. तिथला एखादा कार्बोनेट आयन तापमानामुळे इतका थरथरतो की त्याचे तुकडे होतात: ऑक्साइड आयन कॅल्शियमजवळ राहतो आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुटून चुन्याच्या छिद्रांतून बाहेर पडतो. सीमेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून सेकंदाला किती रेणू सुटतील, हे तापमान ठरवतं. दगड किती मोठा आहे हे त्या चौरस मिलिमीटरला कळण्याचा काही मार्गच नाही.

पण रस्ता दुहेरी आहे. बाहेरचे वायूचे रेणूही छिद्रांतून आत येऊन त्याच सीमेवर आदळतात, आणि त्यांतले काही ऑक्साइड आयनाशी जुळून पुन्हा कार्बोनेट होतात. चौरस मिलिमीटरमागे किती आदळतील हे वायूच्या दाबावर अवलंबून. आता दगड दुप्पट करा, किंवा कुटून त्याची भुकटी करा. सीमा वाढली, सुटणारे रेणू वाढले. पण परत येणाऱ्यांसाठी दारंही तितक्याच पटीने वाढली. दोन्ही वेगांना एकाच क्षेत्रफळाने गुणलं आहे, म्हणून ते बरोबर असण्याची अट लिहिली की क्षेत्रफळ दोन्ही बाजूंनी कटतं. उरतो तो दाब. झाकलेल्या पातेल्यात तळाशी वाटीभर पाणी असो की अर्धं पातेलं, वाफेचा दाब तापमानच ठरवतं, तसंच हे. भुकटी केल्याने समतोल लवकर येतो, वेगळा येत नाही.

ज्यांना ऊष्मागतिकी माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं पुढे जातो, बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. समतोलात तोलले जातात ते पदार्थांचे रासायनिक विभव, म्हणजे मोलमागची मुक्त ऊर्जा. वायूचं विभव दाबाच्या लॉगॅरिदमने वाढतं. शुद्ध घनाचं विभव तो किती आहे यावर अवलंबून नसतं, म्हणून त्याची क्रियाशीलता 1 धरतात. पण घनही दाबाखाली असतोच, मग त्याचं विभव हलत नाही का? हलतं. कॅल्साइटच्या एका मोलचं आकारमान 37 घन सेंटिमीटर, म्हणून एका वातावरणाच्या दाबाने विभव सुमारे 3.7 ज्यूलने वाढतं. 900 अंशांना RT आहे जवळपास 9750 ज्यूल. फरक शंभरात 0.04. तेव्हा ते '1' अगदी तंतोतंत नाही, पण भट्टीवाल्याची झोप उडवण्याइतकंही चुकीचं नाही. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोलीवर मात्र ही सूट चालत नाही.

तापमान बदललं की हा दाब झपाट्याने बदलतो. 550 अंशांना तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाच्या आसपास असतो, आणि 900 च्या जरा अलीकडे पूर्ण एक वातावरण होतो. यावरून वाटेल की उघड्या भट्टीत 600 अंशांनाही काम भागावं, कारण वायू उडूनच जातो. तत्त्वतः ते खरं आहे, पण त्या वेगाने दगड भाजायला धीर हवा. शिवाय मुठीएवढ्या दगडाच्या आतल्या सीमेवर बाहेरची हवा पोचत नाही. तिथे छिद्रांमध्ये जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, आणि त्याला बाहेर ढकलायला एक वातावरणाच्या वर दाब लागतो. म्हणून गाभ्याला 900 अंश गाठावेच लागतात, आणि त्यासाठी भट्टी त्याहून बरीच जास्त तापवतात. घाई झाली तर गाभा कच्चा राहतो. तो ओळखणं सोपं आहे: खडा फोडून गाभ्यावर विरळ आम्लाचा थेंब टाकावा. फसफसला तर आत अजून चुनखडी आहे. वजनही खरं सांगतं. 100 किलो शुद्ध चुनखडी पुरती भाजली तर 56 किलो चुना उरला पाहिजे, त्याहून जास्त भरला तर गाभे कच्चे आहेत. उलट फार तापवलं तर चुना घट्ट होऊन बसतो आणि पाण्यात नीट विरत नाही. हे नुकसान K च्या सूत्रात कुठेच दिसत नाही, कारण सूत्र फक्त शेवट सांगतं, वेळ सांगत नाही.

नेहमीच्या तापमानाला हाच दाब एका वातावरणाच्या 10^-23 पटीच्या घरात जातो. म्हणजे कागदावर चुना हवेतला वायू ओढायला कायम आसुसलेला. प्रत्यक्षात कोरडा चुना थंड असताना ढिम्म बसतो, पाण्याने विरवला की मग हळूहळू भिंतीवर पुन्हा चुनखडी होतो. यावरूनच 'हवेतला कार्बन गिळणारा रंग' अशा जाहिराती हल्ली दिसतात. पण हिशेब करा: एक टन कळीचा चुना तयार होताना दगडातूनच 785 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो. भिंत जास्तीत जास्त तेवढाच परत घेणार, आणि भट्टीत जाळलेल्या कोळशाचा वायू वेगळाच. याला हवा शुद्ध करणं म्हणणं म्हणजे उसने घेतलेले पैसे फेडून दानशूर म्हणवून घेणं.

राहिला 'शुद्ध' हा शब्द, ज्याकडे गाइडं ढुंकून पाहत नाहीत. लोखंडाच्या झोतभट्टीत खनिजाबरोबर चुनखडी टाकतात. तिचा चुना वेगळा घन म्हणून राहत नाही, तो खनिजातल्या अशुद्धींच्या वितळलेल्या मळीत विरघळतो. विरघळला की लिटरमागचा त्याचा आकडा ठरलेला राहत नाही, आणि त्याला सूत्रात परत घ्यावं लागतं: K = a(CaO) × p(CO2). इथे a म्हणजे क्रियाशीलता, म्हणजे पदार्थाचं परिणामकारक प्रमाण, जे शुद्ध घनासाठी 1 धरतात. समजा मळीत चुन्याची क्रियाशीलता 1 वरून 0.5 झाली. K तर तापमानाने ठरलेला, म्हणून समतोलाचा दाब दुप्पट होतो. त्याच तापमानाला चुनखडी जास्त जोर लावून फुटते, आणि आता आणखी चुना टाकला तर मळीतलं त्याचं प्रमाण वाढून दाब खरोखरच उतरतो.