बांगड्याला हलालही नाही, झटकाही नाही

गोव्यात सोमवारी शिवराक असलेला माणूस मंगळवारी सकाळी बाजारात बांगडे निवडत उभा असतो, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. शेजारचा कॅथलिक लेंटच्या शुक्रवारी पोर्क चिकन बाजूला ठेवतो पण ताटात हुमण असतंच. मुसलमान मित्राकडे बकरा कसा कापला हा प्रश्न फार मोठा, पण सुंगटं सोडा, साध्या माशाला कोणी कसं मारलं हे विचारतच नाही. म्हणजे तिन्ही धर्मांत प्राणी मारण्याचे किंवा खाण्याचे नियम आहेत, आणि तिन्ही नियमांतून मासा हळूच निसटून जातो. हे असं का होतं, आणि माशाच्या वेदनेबद्दल आज जे कळलंय त्यापुढे ते टिकतं का, एवढंच बघूया.

आधी बळी. वैदिक यज्ञात पशू मारायचे यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते मारताना जुन्या लोकांना चैन नव्हती हेसुद्धा त्याच ग्रंथांत दिसतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एकीकडे यज्ञातला वध हा वधच नव्हे असं म्हटलंय, आणि थोडं पुढे गेलं की मारायला संमती देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा असे सगळेच घातक म्हणून मोजलेत. माझ्या मते हे दुसरं वाक्य फार धीट आहे, कारण त्यात मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभा असलेला गिऱ्हाईकसुद्धा आला. ऐतरेय ब्राह्मणात तर एक मजेशीर कथा आहे: बळीतलं सत्त्व, ज्याला ते मेध म्हणतात, ते आधी माणसात होतं, तिथून घोड्यात गेलं, मग बैलात, मेंढीत, बकऱ्यात, आणि शेवटी जमिनीत शिरून तांदूळ झालं, म्हणून तांदळाचा पुरोडाश, म्हणजे यज्ञात द्यायचा रोट, दिला की पशूच दिल्यासारखं. पुढे मध्वाचार्यांनी खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू करायचा आग्रह धरला, आणि आपल्या काणकोणातला पर्तगाळी मठ त्याच मध्व परंपरेतला. देवळात बोकडाऐवजी कोहळा कापायचा तोही याच वळणाचा. थोडक्यात, बळीच्या बाबतीत धर्माने स्वतःच वाट बदलली, बाहेरून कोणी येऊन शिकवायला लागलं नाही.

पण माशाकडे ही वाट आलीच नाही. तोच मनू सांगतो की मासे खाणारा सगळंच मांस खाणारा असतो म्हणून मासे टाळा, आणि लगेच पुढच्याच श्लोकात पाठीन, रोहित आणि खवले असलेले मासे चालतील अशी सूट देतो. इस्लाममध्ये मेलेलं जनावर निषिद्ध, पण मासा आणि टोळ हे दोन अपवाद, त्यांना सुरी लावायची गरज नाही. यहुद्यांकडेही मांसाला विधीने कापावं लागतं, माशाला नाही. आणि तेराव्या शतकात थॉमस अक्विनास उपवासाची चर्चा करतो तेव्हा जमिनीवरच्या प्राण्यांचं मांस का वर्ज्य याचं कारण देतो, की ते जास्त चविष्ट आणि शरीराला जास्त पोसणारं असतं, म्हणजे वासना भडकवतं. यात प्राण्याची दया कुठेच नाही! आपल्या श्रावणातल्या सोमवारचंही खरं बघायला गेलं तर तसंच, तो संयम आणि सोवळं आहे, बांगड्यावरची दया नव्हे. संयम वाईट असं मी म्हणत नाही, पण संयम पाळणारा माणूस दयेचं श्रेय घ्यायला लागला की गफलत होते.

मासा का निसटला याचं माझं उत्तर अगदी साधं आहे. धर्मांचे मारण्याचे नियम सुरी आणि रक्त यांच्याभोवती रचलेले आहेत. बकरा ओरडतो, पाय झाडतो, डोळ्यांत बघतो. मासा पाण्यातून बाहेर काढला की बिनआवाज, बिनसुरी, आपोआप मरतो, तिथे मारणारा असा कोणी दिसतच नाही.

आता तो आपोआप कसा मरतो ते बघू, कारण खरी गोची इथे आहे. 2003 साली ब्रिटनमध्ये लीन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या चेहऱ्यावर इजा ओळखणाऱ्या चेता सापडल्याचं दाखवलं. नुसत्या चेता असल्या म्हणून दुखतं असं सिद्ध होत नाही, प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, म्हणून त्यांनी माशांच्या ओठांत विरळ अॅसिटिक अॅसिड किंवा मधमाशीचं विष टोचलं. ते मासे तळाशी डोलत राहिले, अॅसिडवाले ओठ खड्यांवर घासायला लागले, आणि साधं खारं पाणी टोचलेले मासे सव्वा-दीड तासात खायला लागले तिथे यांना सुमारे तीन तास लागले. मॉर्फिन दिलं की हे वागणं बरंच कमी झालं. ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात की माशाला आपल्यासारखा मेंदूचा बाह्य थर नाही तर वेदना जाणवणार कशी. हा आक्षेप अजून पूर्ण मिटलेला नाही, पण पक्ष्यांनाही तसा थर नसतो आणि पक्ष्याला दुखत नाही असं छातीठोकपणे कोण म्हणेल? मला तरी संशयाचा फायदा माशाला द्यावासा वाटतो.

दुसरा प्रश्न, किती वेळ? ट्राउटवरच 1991 मध्ये मोजमाप झालं, की पाण्याबाहेर काढल्यावर मेंदूची प्रतिक्रिया थांबायला किती मिनिटं लागतात. 20 अंशाला 2.6 मिनिटं, 14 अंशाला 3, आणि 2 अंशाला, म्हणजे बर्फाच्या जवळपास, 9.6 मिनिटं. थंडीत शरीराचं काम मंदावतं, ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून मरण लांबतं. आपण बर्फ घालतो तो मासा ताजा राहावा म्हणून, आणि त्यात चूक काही नाही, पण जिवंत मासा बर्फात टाकला तर तो लवकर सुटतो ही समजूत या माशापुरती तरी उलटी निघाली. आपला बांगडा गरम समुद्रातला, ट्राउट थंड पाण्यातला, त्यामुळे हे आकडे तसेच्या तसे बांगड्याला लावू नयेत. पण मुद्दा आकड्यात नाही: तडफड थांबली म्हणजे शुद्ध गेली असं नसतं. बर्फात स्नायू आधी गारठतात, मेंदू नंतर.

हे ओळखायची खूण सोपी आहे. कल्ल्यांची झाकणं अजून उघडमीट करतायत का ते बघा, आणि मासा हातात धरून हळूच कुशीवरून पाठीवर असा फिरवा, शुद्धीत असेल तर डोळा आपली पातळी धरून ठेवायचा प्रयत्न करतो, अंगाबरोबर फिरत नाही. डोळा अंगाबरोबर गरगर फिरला, कल्ले थांबले, की मगच समजावं.

आता हिशेब करून बघूया, कारण शाकाहाराची चर्चा हिशेबाशिवाय हवेत राहते. चार माणसांचं घर धरा. एका बकऱ्याचं साधारण 10 ते 12 किलो मटण निघतं, एका वेळेला अर्धा किलो आणलं तर एका जीवात 20 ते 24 जेवणं होतात. तेच घर प्रत्येकी एक बांगडा खाईल तर तेवढ्याच जेवणांना 80 ते 96 जीव, आणि तारल्यांवर आलं तर प्रत्येकी चार धरून 320 ते 384. म्हणजे दया म्हणून मटण सोडलं आणि त्याऐवजी तारले धरले तर जिवांची संख्या शेकडो पटींनी वाढते. पण इसवणीचा मोठा मासा घेऊन घरात तुकडे वाटले तर चित्र एकदम पालटतं. अर्थात एक तारला म्हणजे एक बकरा असं मानायचं का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला उत्तर देणारी मोजपट्टी मला जैनांकडे सापडते.

जैन जीव इंद्रियांवरून मोजतात. झाडाला एक, शंख-शिंपल्यांना दोन, मुंगीला तीन, माशी-विंचवाला चार, आणि मासा? पाच, म्हणजे बकऱ्याच्या आणि आपल्याच वर्गात. इतक्या जुन्या लोकांनी माशाला वर बसवलं आणि शिंपल्याला खाली, आणि आजचं विज्ञानही जवळपास तिथेच येतं: तिसऱ्या म्हणजे शिंपल्याच, त्यांना मेंदू नसतो, चेतांच्या दोनचार गाठी असतात, आणि त्यांना दुखतं असं म्हणायला पुरावा फार थोडा आहे. जैन स्वतः तिसऱ्याही खात नाहीत हे उघडच आहे, पण जो गोंयकार मासळी सोडू शकत नाही त्याने या क्रमाने खालून वर विचार करायला काय हरकत? (तिसऱ्यांचं सुकं खाऊन पुण्य मिळतं असं मात्र मी म्हणत नाहीये.) कुर्लीला या खालच्या पायरीवर ढकलू नका. किनाऱ्यावरच्या खेकड्यांना अंधाऱ्या बिळात विजेचे सौम्य झटके दिले तर ते आपलं आवडतं बीळ टाळायला शिकतात हे बेलफास्टच्या रॉबर्ट एलवुडनी दाखवलंय, आणि ब्रिटनने 2022 च्या कायद्यात खेकडे, सुंगटं, माणक्या यांना संवेदनशील प्राणी म्हणून घेतलंय.

कायद्याचंही एक गंमतीचं आहे. आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव जीव असं म्हणतो, म्हणजे मासा आत आला. खाण्यासाठी मारणं गुन्हा नाही, पण विनाकारण वेदना झाली तर ती सूट जाते. आणि कलम 28 म्हणतं की धर्माने सांगितलेल्या रीतीने मारलं तर गुन्हा नाही. आता माशाला कुठल्याच धर्माची रीत नाही, म्हणजे कागदावर बकऱ्यापेक्षा माशाला जास्त संरक्षण! बाजारात हे कलम घेऊन कोणी नुस्तेकान्नीपुढे उभा राहणार नाही, आणि राहिला तर ती त्याला कशी परतवेल हे सांगायला नको.

मग करायचं काय. पद्धत आहे, आणि जुनी आहे. जपानी मच्छीमार डोळ्यामागे थोडं वर टोकदार खिळा घालून मेंदू एका क्षणात निकामी करतात आणि मग कल्ल्याजवळ कापून रक्त काढतात, मांसही जास्त वेळ ताजं राहतं म्हणून त्यांना ते परवडतं. डोक्यावर जड दांडक्याचा एक नेमका फटका हीसुद्धा चालणारी रीत आहे, फक्त फटका चुकला तर मासा जखमी होऊन शुद्धीतच राहतो, म्हणून वरची डोळ्याची खूण तपासायची. पाण्यातून काढलेली चणक, गळाला लागलेला तांबोशी, असा एकेक मासा हाती येतो तिथे हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. इस्लाममधला सुरी धारदार ठेवा आणि जनावराला त्रास देऊ नका हा आदेश, किंवा मनूची घातकांची यादी, हे दोन्ही इथे लागू करायला शास्त्र बदलावं लागत नाही, फक्त मासा यादीत घ्यावा लागतो.

कुर्लीचं त्याहून नाजूक. तिला एक मेंदू नसून चेतांची दोन मोठी केंद्रं असतात, एक डोळ्यांच्या मागे आणि एक पोटाच्या झाकणाखाली, आणि दोन्हीत टोकदार सुरी लागली तरच काम होतं. आधी बर्फाच्या पाण्यात पूर्ण निपचित होईपर्यंत ठेवतात, मग सुरी. उकळत्या पाण्यात जिवंत टाकणं तेवढं बंद व्हावं.

रापणीत किंवा पर्सीन जाळ्यात एकावेळी हजारो तारले येतात तिथे मात्र यातलं काहीच चालत नाही. कोणी हजार माशांच्या डोक्यात खिळा घालत बसणार नाही, आणि वीज देऊन बेशुद्ध करायची यंत्रं मत्स्यशेतीच्या मोठ्या कारखान्यांत आहेत, कुटबणच्या होडीवर नाहीत. त्यामुळे तिथे माझ्याकडे पद्धत नाही, फक्त संख्या आहे: आठवड्यातून दोनदा तारले खाणाऱ्याने एकदा इसवणीचे तुकडे आणले तर त्या जेवणाला सोळा जिवांऐवजी एकाच्याही वाट्यापेक्षा कमी लागतं, खिशाला थोडं जास्त पडतं, आणि सोमवारी शिवराक राहायला कोणी अडवत नाही.