केमो ब्रेन: तक्रार आधी, पुरावा मागाहून

समोरच्याचं नाव जिभेवर असतं, पण फुटत नाही. एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. गॅस बंद केला की नाही हे पाहायला पुन्हा उठावं लागतं. केमोथेरपी घेतलेले रुग्ण अशा गोष्टी, ज्यांना आता ‘केमो ब्रेन’ म्हणतात, फार पूर्वीपासून सांगत आले आहेत, आणि बरीच वर्षं त्यांना ठरलेलं उत्तर मिळायचं: ताण आहे, वय झालं, रजोनिवृत्ती असेल. उत्तर अगदीच खोटं नव्हतं, आणि पंचाईत नेमकी तीच होती. या सगळ्यातून केमोचा वाटा वेगळा कसा काढायचा?

1980 च्या सुमारास काही मनोविकारतज्ज्ञांनी या औषधांच्या बौद्धिक परिणामांबद्दल लिहिलं होतं. विषय खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो 1998 मध्ये, अॅमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेतल्या अभ्यासामुळे. संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगावर उपचार होऊन साधारण दोन वर्षं झालेल्या स्त्रियांचे तीन गट तपासले. जास्त मात्रेची केमो घेतलेल्यांपैकी 32 टक्के, नेहमीच्या मात्रेच्या गटात 17 टक्के आणि केमो न घेतलेल्यांपैकी 9 टक्के स्त्रिया चाचण्यांमध्ये कमी पडल्या. मात्रेबरोबर आकडा वाढत होता, त्यामुळे ‘सगळं मनाचं आहे’ असं म्हणणं अवघड झालं.

पण या अभ्यासात एक मोठी फट होती. केमोआधी या स्त्रियांची स्मरणशक्ती कशी होती, हे कुणी मोजलंच नव्हतं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने 18 स्त्रियांची चाचणी उपचारांच्या आधीही घेतली. केमोचा पहिला डोस जाण्याआधीच त्यातल्या 6 जणी कमी पडत होत्या. आजार, शस्त्रक्रिया, भीती, झोपमोड यांचाही यात हात असतो, तो इथे दिसला. मात्र केमोनंतर 11 जणींची कामगिरी स्वतःच्याच आधीच्या पातळीपेक्षा घसरली, आणि वर्षभराने त्यातल्या निम्म्या सुधारल्या. माझ्या मते महत्त्वाचा शब्द ‘स्वतःच्याच’ हा आहे. मुळात तल्लख असलेली व्यक्ती बरीच घसरूनही ‘सामान्य’ चौकटीतच राहते. डॉक्टर म्हणतात चाचणी ठीक आहे, ती म्हणते मी पूर्वीची राहिले नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

चाचणीचं स्वरूपही लक्षात घ्यायला हवं. एका प्रचलित चाचणीत 12 शब्दांची यादी तीनदा वाचून दाखवतात, दरवेळी आठवतील तेवढे शब्द विचारतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा एकदा विचारतात. शांत खोली, एका वेळी एकच काम. घरात किंवा कचेरीत असं कधी असतं?

2007 मध्ये प्रसिद्ध झालेली एकसारख्या जुळ्या बहिणींची नोंद हेच जवळून दाखवते. वय साठ, एकीला स्तनाचा कर्करोग होऊन केमो झालेली, दुसरी निरोगी. चाचण्यांचे गुण जवळपास सारखे होते, पण केमो झालेल्या बहिणीच्या तक्रारी कितीतरी जास्त. स्मरणाचं काम देऊन एमआरआय काढला तेव्हा तिच्या मेंदूचा बराच मोठा भाग कामाला लागलेला दिसला. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या पांढऱ्या द्रव्यातले डागही तिला जास्त होते. म्हणजे उत्तर तेच, पण त्यासाठी कष्ट दुप्पट. मग दुपारपर्यंत डोकं थकून जातं. अर्थात ही एकच जोडी. हिच्यावरून नियम काढता येत नाही.

असं का होतं, याचं एकच एक कारण नाही. केमोची बरीच औषधं मेंदूत फारशी शिरत नाहीत. पण उपचारांदरम्यान शरीरात दाह वाढवणारी रसायनं रक्तात वाढतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो, असं मानलं जातं. मेथोट्रेक्सेटवरच्या उंदरांच्या प्रयोगांत मज्जातंतूंवरचं आवरण बनवणाऱ्या पेशींचं काम बिघडलेलं दिसलं. शिवाय रक्तक्षय, थायरॉइड, हार्मोनच्या गोळ्या, वेदनाशामकं, नैराश्य हे सगळं त्यात मिसळतं. तपासणी इथूनच सुरू करावी, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

उपायांची कथाही तशीच आहे. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 242 रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांना 15 आठवडे संगणकावर मेंदूचा सराव दिला. त्यांच्या तक्रारी कमी झाल्या. चाचण्यांचे गुण मात्र इतरांइतकेच राहिले. दुसरी पद्धत विसरण्याची वही ठेवण्याची. काय विसरलं, किती वाजता, त्याआधी झोप किती झाली होती आणि तेव्हा दुसरं काय चालू होतं, एवढंच लिहायचं. समजा, दोन आठवड्यांच्या दहा नोंदींपैकी सात दुपारी चारनंतरच्या आणि फोन चालू असतानाच्या निघाल्या. मग हिशेबाची कामं सकाळी, फोन बाजूला ठेवून करायची, आणि ऐकलेली गोष्ट तिथल्या तिथे मोठ्याने म्हणून लिहून ठेवायची. नियमित चालण्याने थकवा कमी होतो आणि झोप सुधारते, त्याचाही आधार मिळतो.

हे विसरणं हळूहळू जाणवतं आणि बहुतेकांचं महिन्यांच्या हिशेबाने कमी होतं. काहींना वर्षानुवर्षं पुरतं. पण अचानक गोंधळ उडाला, बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली, झटका आला किंवा डोकेदुखी वाढतच राहिली, तर त्याला केमो ब्रेन म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.