कर्जाची एकरकमी तडजोड: अर्ज कसा करायचा आणि माफ झालेले मुद्दल कुठे दाखवायचे

धंद्याचे कर्ज थकले, खाते एनपीएत गेले आणि बँक म्हणाली, "एकरकमी भरा, बाकीचे सोडून देऊ." अशा वेळी सगळ्यांचे लक्ष एकाच आकड्यावर असते: किती भरायचे? सोडून दिलेल्या रकमेचे वह्यांत आणि विवरणपत्रात काय करायचे, हा प्रश्न बहुतेकदा पुढच्या जुलैत, सीएच्या टेबलावर निघतो. तोवर बँकेचे मंजुरीपत्र येऊन पडलेले असते आणि त्यातला शब्द बदलून घेण्याची वेळ टळलेली असते. म्हणून अर्ज आणि कर या दोन्ही गोष्टी इथे एकत्रच घेतल्या आहेत. उदाहरण मालकी हक्काच्या छोट्या कारखान्याचे आहे.

कोणाला मिळते

एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे आधी डोक्यात पक्के असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की तडजोड दे म्हणून उच्च न्यायालय बँकेला भाग पाडू शकत नाही. निर्णय बँकेचा असतो आणि तो तिच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणात बसावा लागतो. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी या तडजोडींसाठी एकत्रित चौकट घालून दिली. ती व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, राज्य व जिल्हा मध्यवर्ती बँका आणि वित्त कंपन्या या सगळ्यांना लागू आहे.

त्या चौकटीतल्या चार गोष्टी अर्जदाराला थेट भिडतात. ज्या अधिकाऱ्याने कर्ज मंजूर केले, त्याच्यापेक्षा किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याने तडजोड मंजूर करायची असते, त्यामुळे शाखाधिकाऱ्याच्या तोंडी होकाराला फारसा अर्थ नाही. रक्कम भरायला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत दिली तर ते प्रकरण पुनर्रचना म्हणून धरले जाते, म्हणून बँका लांब हप्ते द्यायला कचरतात. कोर्टात किंवा डीआरटी या कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा चालू असेल तर तिथून संमतीचा हुकूमनामा घ्यावा लागतो. आणि शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत, तडजोडीनंतर किमान बारा महिने तीच संस्था तुम्हाला नवे कर्ज देऊ शकत नाही. जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करता येते, पण त्यांच्यावरची फौजदारी कारवाई त्यामुळे थांबत नाही.

अर्ज आणि कागद

अर्ज शाखेत द्या आणि त्याची प्रत वसुली विभागाला पाठवा. दोन्हीकडून पोच घ्या. अर्जात कर्ज का थकले हे पुराव्यासह लिहा: मोठ्या गिऱ्हाइकाची उधारी अडकली असेल तर त्याची बिले आणि पत्रव्यवहार, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद. सोबत केवायसी, शेवटच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि विवरणपत्रे, गहाण मालमत्तेचा मूल्यांकन अहवाल, गहाण मालमत्ता ताब्यात घेण्यासाठीची सरफेसी कायद्याची नोटीस किंवा सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला आला असेल तर त्याची प्रत, आणि जामीनदारांची संमती जोडा.

सगळ्यात बारकाईने पाहिला जाणारा कागद म्हणजे पैसा कुठून येणार याचा. भाऊ देणार असेल तर त्याचे पत्र आणि खात्याचा उतारा लावा. भावाने भेट म्हणून दिले तर नातेवाइकाकडून आलेली भेट करमुक्त असते. उसने घेणार असाल तर २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेऊ नका, बँकेतूनच घ्या. नाहीतर एका कर्जातून सुटताना दुसरीकडे दंड ओढवून घ्याल.

मंजुरीपत्रातली एक ओळ

आता उदाहरण. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपवर नागरी सहकारी बँकेचे मुद्दल ४० लाख थकले आहे: मशीनसाठीचे मुदत कर्ज ३० लाख आणि कॅश क्रेडिट १० लाख. त्यावर व्याज १४ लाख. एकूण ५४ लाख. तडजोड २९ लाखांवर झाली, म्हणजे २५ लाख सुटले.

या २५ लाखांत मुद्दल किती आणि व्याज किती? इथेच सगळे अडते. पत्रात "भरलेली रक्कम आधी मुद्दलात जमा" असे असेल तर २९ लाख मुद्दलात जातात, ११ लाख मुद्दल माफ होते आणि १४ लाख व्याज माफ होते. "आधी व्याजात जमा" असेल तर १४ लाख व्याज भरले गेले असे होते, मुद्दलात फक्त १५ लाख येतात आणि माफ मुद्दल थेट २५ लाख होते.

पहिल्या मार्गात माफ झालेल्या व्याजाचा बहुधा प्रश्नच येत नाही. बँकेचे व्याज प्रत्यक्ष भरल्याशिवाय खर्च म्हणून मिळत नाही, हा आयकर कायद्याच्या कलम ४३ब चा नियम. या मशीनशॉपने १४ पैकी ५ लाख व्याज वह्यांत खर्ची टाकले होते, पण करहिशेबात ते पुन्हा नफ्यात धरले होते, म्हणजे वजावट घेतली नव्हती. उरलेले ९ लाख एनपीएनंतरचे, वह्यांत आलेलेच नव्हते. ज्याची वजावट कधी घेतलीच नाही, ते माफ झाल्यावर उत्पन्न ठरत नाही. म्हणून ५ लाख नफातोटा पत्रकात जमा करा आणि करहिशेबात वजा करा. ९ लाखांची नोंदच नको.

दुसऱ्या मार्गात २५ लाख मुद्दलाचा फायदा दिसतो, पण १४ लाख व्याज प्रत्यक्ष भरलेले असल्याने त्याची वजावट त्याच वर्षी मागता येते. निव्वळ फरक पुन्हा ११ लाखच. कागदावर दोन्ही सारखे, व्यवहारात नाही. त्या ९ लाखांची नोंदच वह्यांत नसल्याने वजावट मागायची राहून जाते, आणि पत्रात विभागणी लिहिलेली नसेल तर मागूनही सिद्ध करता येत नाही. म्हणून मंजुरीपत्राच्या मसुद्यातच तीन आकडे मागून घ्या: मुदत कर्जाचे माफ मुद्दल, कॅश क्रेडिटचे माफ मुद्दल आणि माफ व्याज. बँकेला यात काहीच गमवावे लागत नाही. पण मागितल्याशिवाय ती लिहून देत नाही.

मुद्दल माफ झाले, उत्पन्न झाले का?

पूर्वी याचे उत्तर बरेचसे कर्जदाराच्या बाजूचे होते. महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये म्हटले की यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या कर्जाचे माफ मुद्दल धंद्यातून मिळालेल्या फायद्यावर कर लावणाऱ्या कलम २८(४) खाली येत नाही, कारण फायदा रोख स्वरूपाचा आहे; आणि आधी वजावट घेतलेले देणे सुटले तर ते उत्पन्न धरणाऱ्या ४१(१) खालीही येत नाही, कारण मुद्दलाची वजावट कधी घेतलेलीच नव्हती. धंद्याच्या रोजच्या व्यवहारासाठी घेतलेल्या कर्जाबाबत मात्र मुंबई उच्च न्यायालयाने सॉलिड कंटेनर्सच्या प्रकरणात माफ रक्कम करपात्र धरली होती.

२०२३ च्या वित्त कायद्याने २८(४) मध्ये रोख फायदाही घातला आणि निकालाचा पहिला आधार काढून घेतला. हा बदल २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू आहे. मुदत कर्जाचे मुद्दल भांडवली स्वरूपाचे आहे, तो धंद्यातून आलेला फायदाच नाही, असा युक्तिवाद आजही करता येतो. माझे मत विचाराल तर कॅश क्रेडिटचा भाग निमूट उत्पन्नात दाखवावा, आणि मुदत कर्जाचा भाग वगळायचा तर सीएचे लेखी मत हाती असल्याशिवाय वगळू नये. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत; इथे सगळीकडे जुने, ओळखीचे क्रमांक दिले आहेत. राहत्या घराचे कर्ज धंद्यासाठी घेतलेले नसते, त्यामुळे त्याला ही कलमे लागत नाहीत.

कुठे दाखवायचे

सर्वाधिक घोटाळा इथे होतो. अनेक ठिकाणी हिशेबनीस माफ मुद्दल सरळ मालकाच्या भांडवल खात्यात जमा करतात, तर काही जण विवरणपत्रात ते "इतर स्रोतांतून उत्पन्न" म्हणून टाकतात. दोन्ही चुकीचे, आणि दुसरे तर महागात पडणारे. मागच्या वर्षांचा धंद्यातला तोटा फक्त धंद्याच्या उत्पन्नातूनच वजा होतो, इतर स्रोतांतून नाही.

त्या मशीनशॉपचा मागचा तोटा ६ लाख आणि शिल्लक घसारा ४ लाख आहे. चालू वर्षाचा नफा ४ लाख. माफ मुद्दल ११ लाख धंद्याच्या उत्पन्नात दाखवले तर १५ लाखांतून १० वजा होऊन ५ लाख उरतात. तेच "इतर" मध्ये टाकले तर ६ लाखांच्या तोट्यापैकी ४ लाखच धंद्याच्या नफ्यात जिरतो, २ लाख लटकतात आणि करपात्र उत्पन्न तेवढ्याने फुगते. तोटा आठ वर्षेच पुढे नेता येतो आणि तोही त्या-त्या वर्षीचे विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. घसाऱ्याला ही दोन्ही बंधने नाहीत.

तेव्हा नफातोटा पत्रकात "कर्जतडजोडीत माफ मुद्दल" अशी वेगळी ओळ ठेवा. वह्यांत ती रक्कम भांडवलात गेली असेल, तर आयटीआर-३ मध्ये नफातोट्यात न आलेल्या कलम २८ च्या बाबींसाठी जागा आहे, तिथे दाखवा. टॅक्स ऑडिट असेल तर ऑडिट अहवालाच्या ३सीडी नमुन्यातल्या कलम १६ मध्ये ती येते, आणि ४१ खालची रक्कम कलम २५ मध्ये. कंपनी असेल तर फायदा नफ्यातोट्यातून जातो आणि जुन्या करपद्धतीत मॅट म्हणजे किमान पर्यायी करही बघावा लागतो.

वर्ष कोणते? पत्रात "पूर्ण रक्कम भरल्यावरच माफी" असे असेल, आणि बहुधा असतेच, तर शेवटचा हप्ता ज्या वर्षी भरला त्या वर्षी. फेब्रुवारीत निम्मे आणि एप्रिलमध्ये निम्मे भरले तर फायदा पुढच्या वर्षाचा. हप्ता चुकला तर मूळ देणे पुन्हा उभे राहते, म्हणून आधी नोंद करण्यात शहाणपण नाही.

टीडीएसचे काय? धंद्यातल्या फायद्यावर १० टक्के कापण्याचे कलम १९४आर जुलै २०२२ पासून आले, पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील परिपत्रक १८ ने बँका, सहकारी बँका, ठेवी घेणाऱ्या व मोठ्या वित्त कंपन्या आणि थकीत कर्जे विकत घेणाऱ्या एआरसी यांच्या कर्जमाफीला त्यातून वगळले. त्या यादीत पतसंस्था नाही. पतसंस्थेशी तडजोड करत असाल तर कपातीबद्दल आधीच विचारा. आणि बँकेने कापले नाही म्हणून कर नाही असे समजू नका, कारण करपात्रता तशीच राहते असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे.

पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, मूळ दस्तऐवज आणि जामीनदारांची मुक्तता लेखी घ्या. जमीन गहाण असेल तर सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप जात नाही. बँकेचे पत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो आणि फेरफार मंजूर झाल्यावरच तो उतरतो. सिबिलवर "सेटल्ड" असेच दिसेल, "क्लोज्ड" नाही.