पंचा, पंखा आणि म्हातारपणी कमी होणारा घाम

एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात पारा ३८-३९ अंशांवर गेला की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सैल, सुती आणि फिकट रंगाचं घालावं, असं सगळेच सांगतात. सल्ला बरोबर आहे. मात्र या तीन गोष्टींचं वजन सारखं नाही, आणि चौथी गोष्ट सांगायची राहून जाते. ती म्हणजे पाणी, प्यायचं नव्हे, अंगावरचं.

बाहेरची हवा कातडीपेक्षा गार असते तोवर शरीर आपली उष्णता हवेला देऊन टाकतं. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याच्या वर गेली की हा रस्ता उलटा होतो आणि हवाच शरीराला तापवू लागते. मग उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, घाम वाळण्याचा. नेमका हाच मार्ग म्हातारपणी अरुंद होतो. घर्मग्रंथी जागेवर असतात, पण प्रत्येक ग्रंथीतून येणारा घाम कमी होतो आणि तो उशिरा सुटू लागतो. कातडीकडे येणारा रक्तपुरवठाही तरुणपणाइतका वाढत नाही. त्यात ॲलर्जीच्या, लघवीवर ताबा राहण्याच्या किंवा मानसिक आजारांच्या काही गोळ्या घाम आणखी कमी करतात.

याहून घातक गोष्ट म्हणजे उकाडा जाणवणंच कमी होतं. सून विचारते, "आई, उकडत नाही का तुम्हाला?" आणि उत्तर येतं, "न्हाय गं, मला काय हुत न्हाय. फॅन तेवढा बारीक कर, वारं लागतंय." त्या खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटत असतं. म्हणून या वयात कपडे ठरवताना माणसाच्या उत्तरावर विसंबून चालत नाही. मानेमागं, पाठीवर कपड्याच्या आत हात घालून बघावं. खोलीत पलंगाच्या उंचीवर भिंतीला साधा तापमापक टांगावा आणि त्याचा आकडा बघावा.

एक उदाहरण धरू. ७८ वर्षांच्या आज्जी आहेत, वजन ५० किलोच्या आसपास. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर पत्र्याखालची खोली, दुपारी तिथला पारा ३७ वर. अंगावर नऊवारी, पण सुती नव्हे. धुवायला सोपं आणि लवकर वाळतं म्हणून घेतलेलं पॉलिस्टरचं लुगडं आहे. वर अस्तर लावलेलं, दंडात घट्ट बसणारं झंपर. काष्ट्यामुळं मांड्यांभोवती आणि कमरेशी कापडाचे पाच-सहा थर एकावर एक बसलेत.

आता त्या थरांमध्ये काय चाललंय ते पाहा. कातडीलगतची हवा थोड्याच वेळात गरम आणि दमट होते. ती तिथून हलली तरच घाम वाळत राहतो. सैल कपड्याचं खरं काम हेच आहे. माणूस जरा हलला, वाऱ्याची झुळूक आली की सैल कपडा हलतो आणि आतली दमट हवा गळ्यातून, बाहीतून, खालच्या घेरातून बाहेर पडते. घट्ट कपड्यात ती कोंडून राहते. त्यामुळं मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कपड्याचा घेर आणि त्याची उघडी तोंडं, रंग नव्हे.

त्यानंतर सूत. सुताचा धागा पाणी आत शोषून घेतो आणि ते कापडभर पसरवतो. साधं पॉलिस्टर जवळजवळ काहीच शोषत नाही, म्हणून घाम तिथंच थेंबानं साचतो किंवा ओघळून जातो. ओघळलेला घाम वाया गेला, कारण थंडावा वाळण्यात आहे. म्हाताऱ्या माणसाचा घाम मुळात कमी, तो असा वाया जाऊ देणं परवडत नाही. मात्र सुती म्हणजे कुठलंही सुती नव्हे. जाड, घट्ट विणीचं सुती कापड हवा अडवतं, आणि खळ घातली की विणीतली भोकंही बुजतात. मलमल किंवा विरळ विणीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घ्यावं आणि उन्हाळाभर त्याला खळ करू नये. इचलकरंजीच्या मागांवरचं कापड दाराशी असताना हे अवघड नाही, फक्त 'कॉटन' म्हणून विकलं जाणारं बरंच कापड मिश्र असतं. खात्री करायची तर आतल्या शिलाईच्या कडेचा, शिवणीचा नव्हे तर कापडाचाच एक धागा काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळावा. सूत कागदासारखं जळून त्याची भुकटी राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. आबांचे वर्षानुवर्षांचे टेरिकॉटचे शर्ट या परीक्षेत लगेच ओळखू येतात.

रंगाचं काय? भर उन्हात पांढरा कपडा सूर्यप्रकाश परतवतो, तिथं त्याचा उपयोग आहे. पण पत्र्याखालच्या खोलीत ऊन नसतं. तिथं तापलेला पत्रा आणि भिंती जी अवरक्त उष्णता फेकतात, ती पांढरं सूत आणि लाल सूत जवळजवळ सारखीच शोषतं. १९८० साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. वाळवंटात राहणारे बेदुईन लोक काळे झगे का घालतात, हा त्यात प्रश्न होता. काळ्या झग्यानं ऊन जास्त शोषलं खरं, पण झगा सैल असल्यानं ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचलीच नाही. तेव्हा सकाळी अंबाबाईच्या दर्शनाला जाताना आज्जींना फिकट रंगाचं नेसवा, डोक्यावर छत्री धरा. दुपारी घरात मात्र त्यांच्या आवडीचं हिरवं सुती लुगडं असलं तरी बिघडत नाही. चुना लावायचाच तर पत्र्याला वरून लावावा, तिथं पांढऱ्या रंगाचा फायदा कितीतरी जास्त आहे.

आयुष्यभर नऊवारी नेसलेल्या बाईला एकदम गाऊन घालायला लावणं मला पटत नाही. लाज वाटली की त्या अंगावर पुन्हा शाल ओढतील आणि सगळं मुसळ केरात जाईल. मधला मार्ग असा, की दुपारी १२ ते ५ या वेळात जुनं मऊ सुती पाचवारी, कासोटा न घालता, सुती परकरावर सैल नेसवावं. परकराची नाडी दोन बोटं जातील इतकी ढिली असावी. झंपर बिनअस्तराचं, रुंद बाहीचं, पुढून उघडणारं असावं, म्हणजे हात वर न करता घालता-काढता येतं. पदर डोक्यावर हवाच असेल तर मलमलीचा. लुगडं किंवा गाऊन घोट्याच्या वर राहील हे मात्र बघावं. पायात येणारा सैल कपडा म्हणजे मोडलेलं खुब्याचं हाड. आबांना बनियन आणि शर्ट दोन्ही नकोत. नुसती बंडी किंवा नुसता सैल सदरा, आणि खाली धोतर किंवा लेंगा पुरे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खाली मेणकापड असेल तर ते फक्त गरजेपुरतं ठेवावं, कारण पाठीच्या बाजूनं काहीच वाळत नाही. डायपरचंही तेच, दिवसातून काही वेळ तो काढून सुती कापडावर झोपवावं.

आता त्या चौथ्या गोष्टीकडं येऊ. बसून असलेल्या या आज्जींच्या शरीरात अंदाजे ६० वॅट उष्णता सतत तयार होते. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातं. हिशेब केला तर तासाला ९० मिलिलीटर, म्हणजे चहाचा एक कप पाणी कातडीवर वाळलं, की शरीरात तयार होणारी सगळी उष्णता निघून जाते. खोलीची उष्णता अंगावर येत असते आणि काही पाणी हवेतलीच उष्णता घेऊन वाळतं, म्हणून प्रत्यक्षात दीड-दोन कप धरावेत. आज्जींच्या शरीराला एवढा घाम काढणं जड जात असेल, तर तेवढं पाणी आपण बाहेरून द्यायचं.

त्यासाठी पंचा उत्तम. पातळ पंचा नळाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा आणि चेहरा, मान, दोन्ही हात, गुडघ्याखालचे पाय पुसायचे. कातडी चमकेल इतकी ओली राहिली पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. बाजूला टेबल फॅन लावायचा. छताचा पंखा पत्र्याखालची सर्वांत गरम हवा खाली ढकलतो, म्हणून टेबल फॅन बरा. दर १५-२० मिनिटांनी पुन्हा पुसायचं. बर्फाचं पाणी यासाठी नको, कारण त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि आज्जी दुसऱ्या वेळी पंचा लावूच देणार नाहीत. काखा, जांघा, स्तनांखालच्या घड्या मात्र कोरड्या ठेवायच्या, नाहीतर तिथं बुरशी धरते. फरशीवर पाणी सांडलं तर आधी ते पुसायचं.

हे केव्हा चालत नाही, हे माठाकडं बघून कळतं. हवा कोरडी असली की माठातलं पाणी गार होतं, दमट असली की होत नाही, आणि पंच्याचंही तसंच आहे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो छान काम करतो. मे महिन्यात वळवाचे ढग दाटून येतात, वारा पडतो, अंग चिकचिकतं, तेव्हा तोच पंचा कुचकामी ठरू शकतो. ओळखायची खूण अशी, की पुसल्यावर १५ मिनिटांनी हाताला हात लावून बघा. कातडी गार लागली आणि वाळत आली असेल तर उपाय चालू आहे. तितकीच ओली आणि कोमट असेल तर नाही. मग खिडक्या उघडून हवा खेळवावी आणि आज्जींना खालच्या मजल्यावरच्या गार खोलीत न्यावं. ओली जाड चादर अंगावर पांघरून ठेवण्याची चूक बऱ्याच घरांत होते. थोड्या वेळानं ती कोमट होते आणि तिच्याखाली हवा जात नाही.

नुसत्या पंख्यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की हवा ४० अंशांच्या वर असताना पंखा अंग तापवतो. २०२१ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आलेल्या गणितानुसार ज्येष्ठांसाठी ही मर्यादा ३८ आहे, आणि घाम कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ३७. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या खोलीत, कोरड्या अंगावर, आज्जींसाठी पंखा जेमतेम उपयोगी आहे. अंग ओलं केलं तरच तो खरा कामाला येतो.

ताक, पन्हं, पाणी तहान नसतानाही थोडं थोडं द्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर किती द्यायचं आणि गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना उन्हाळा लागतानाच विचारून ठेवावं. गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

संध्याकाळी ऊन उतरलं म्हणून लगेच जाड कपडे घालू नयेत. दिवसभर तापलेल्या भिंती आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. झोपताना दुपारचाच सैल कपडा असावा, आणि पहाटे गारठलं तर पांघरायला सुती चादर हाताशी ठेवावी.

एवढं करूनही आज्जी असंबद्ध बोलू लागल्या, ओळखेनाशा झाल्या, चालताना झोक जाऊ लागला किंवा हाकेला नीट ओ देईनात, आणि अंग भाजल्यासारखं तापलं असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नये, घाम असतानाही उष्माघात होतो. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही. १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत लुगडं सोडून अंग मोकळं करावं, आता गार पाणीही चालेल, ते अंगभर ओतत राहावं आणि जोरात वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. एका कुशीवर वळवून ठेवावं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गार करणं थांबवू नये.